लेडी मॅकबेथला नेमकं काय झालंय? मनोविश्लेषणात्मक समीक्षेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साहित्याच्या वर्गात मनोविश्लेषणात्मक समीक्षा शिकवायला घेतली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांना ती फार सोपी वाटते. पात्र विचित्र वागतं, आपण त्याच्या वागण्याला एक नाव देतो, काम फत्ते. मग ट्यूटोरियलच्या वह्या तपासायला घेतल्या की तीसपैकी पंचवीस जणांनी तेच नाव दिलेलं असतं आणि नाटक मात्र एकाही वहीत सापडत नाही. त्याच त्या शंकांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली लेडी मॅकबेथ आणि मुख्यतः तिचा झोपेत चालण्याचा प्रवेश, म्हणजे अंक ५, प्रवेश १. नाटक शेजारी उघडं ठेवून वाचलंत तर बरं.

पात्राच्या वागण्याला आजाराचं नाव दिलं तर बिघडतं काय?

राणी झोपेत चालते आणि हात धुतल्यासारखे पुन्हा पुन्हा चोळते. दासी सांगते, कधी कधी पाव तास हेच चालतं. आजचा विद्यार्थी लगेच लिहितो, ‘हा ओसीडी आहे, मुळाशी अपराधगंड आहे.’ हे चूक आहे असं सिद्ध करणं अवघड आहे, आणि अडचण तिथेच आहे. हे वाक्य लिहून झालं की पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

आता तीच क्रिया नाटकात कुठून आली ते पाहा. अंक २, प्रवेश २. सिंहासनासाठी मॅकबेथने राणीच्या साथीने राजा डंकनचा खून नुकताच केलाय. मॅकबेथ रक्ताळलेले हात बघून म्हणतो, समुद्रदेवाचा अख्खा महासागर तरी हे रक्त धुऊ शकेल का? उलट माझेच हात सगळा समुद्र लाल करतील. त्यावर राणी म्हणते, थोडंसं पाणी घेतलं की झालं, सुटलो आपण यातून. म्हणजे एकाच रक्ताबद्दल दोन मतं मांडली गेली, एक महासागराचं आणि एक तांब्याभर पाण्याचं. नाटकभर आपण तिचं मत व्यवहारी आणि त्याचं मत भाबडं समजत राहतो. पाचव्या अंकात तीच बाई हात चोळत उभी राहते तेव्हा तिच्या अंगावर चालून आलेलं मत तिच्या नवऱ्याचं असतं. आणखी एक बारकावा म्हणजे त्या प्रवेशात पाणी नाहीच. दासीचे शब्द ‘धुतल्यासारखं करते’ असे आहेत. जिला थोडंसं पाणी पुरणार होतं, तिच्या हाताशी आता तेवढंही नाही.

‘ओसीडी’ या शब्दाला यातलं काहीच लागत नाही. पाणी नसतं, महासागर नसता, नवरा नसता, तरी तो तसाच चिकटवता आला असता. निदान अपुरं पडतं ते म्हणून.

पण मनोविश्लेषण म्हणजेच निदान ना? फ्रॉइडने तरी दुसरं काय केलं?

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने लेडी मॅकबेथबद्दल नेमकं काय लिहिलं ते बहुतेकांनी वाचलेलं नसतं. त्याच्या आधी, १९१२ साली, इसाडोर कोरियट या अमेरिकी डॉक्टरने तिच्या हिस्टेरियावर एक आख्खं पुस्तक काढलं होतं. निदानाची हौस काय असते ते बघायचं असेल तर ते पुस्तक बघावं. फ्रॉइडचं प्रकरण वेगळं आहे. १९१६ साली त्याने मनोविश्लेषणाच्या कामात भेटणाऱ्या काही स्वभावनमुन्यांवर एक निबंध लिहिला. त्यातला एक भाग यश मिळाल्यावर कोसळणाऱ्या माणसांबद्दल आहे. हवं ते हातात येईपर्यंत ही माणसं भक्कम असतात आणि मिळाल्याबरोबर मोडतात. दोन खऱ्या रुग्णांची उदाहरणं दिल्यावर तो लेडी मॅकबेथकडे वळतो, कारण तिनेही मुकुट मिळेपर्यंत पाऊल मागे घेतलेलं नाही.

सुरुवातीला तो आपल्यासारखाच कारण शोधत जातो. त्याला वाटतं, या जोडप्याला मूल नाही आणि ज्यांनी बापाला मुलांपासून आणि मुलांना बापापासून तोडलं त्यांना निपुत्रिक राहण्याची शिक्षा मिळणं न्यायाचंच आहे. हे जमून येतंय असं वाटत असतानाच तो थबकतो. शेक्सपिअरने जिथून कथा घेतली त्या होलिनशेडच्या बखरीत डंकनच्या खुनानंतर सुमारे दहा वर्षं मॅकबेथ बऱ्यापैकी राज्य करतो. दहा वर्षं मुलाची वाट पाहून बाई खचली असं म्हणता आलं असतं. नाटकात मात्र सगळं जेमतेम आठवड्याभरात उरकल्यासारखं घडतं. वाट पाहून निराश व्हायला तिला वेळच मिळत नाही. मग फ्रॉइड चक्क लिहून टाकतो की या कोड्याचा उलगडा होईल ही आशा सोडलेली बरी.

आपल्या वर्गात असं कुणी लिहीत नाही. निदान चुकलं तरी ते रेटून नेतात. फ्रॉइडला थांबवलं ते नाटकातल्या काळाने, म्हणजे रचनेच्या एका अंगाने. ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा जास्त उपयोगाची वाटते.

पुढे तो लुडविग येकेल्स या सहकाऱ्याची एक कल्पना उचलतो. ती अशी की शेक्सपिअर कधी कधी एकाच व्यक्तिरेखेचे दोन भाग करून दोन पात्रांना वाटून देतो, तेव्हा एकेका भागाकडे सुटं पाहिलं तर ते समजत नाही. मॅकबेथ आणि राणीला असं जोडून पाहिल्यावर फ्रॉइडला एक देवघेव दिसते. खुनाआधी हवेत खंजीर दिसतो तो त्याला, मन ढळतं तिचं. ‘आता झोप नाही’ हा आवाज ऐकू येतो त्याला, अंथरुणातून उठून भटकते ती. रक्त धुतलं जाणार नाही असं म्हणतो तो, हात धुत बसते ती. भीतीचं बी त्याच्यात पडतं आणि उगवतं तिच्यात.

इथे फ्रॉइड एका बाईचा आजार सांगायचं सोडून दोन पात्रांमधला संबंध सांगू लागला. मनोविश्लेषणात्मक समीक्षा म्हणून आपल्याला करायचंय ते एवढंच.

कागदावरच्या पात्राला नेणीव असते का? त्याला बालपणच नाही.

नेणीव म्हणजे मनाचा आपल्यालाच न कळणारा भाग. माणसाला असते तशी ती पात्राला नसते. १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी एक निबंध लिहिला आणि त्याचं शीर्षकच मुद्दाम खोचक ठेवलं, लेडी मॅकबेथला मुलं किती होती? पात्रांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं वागवून त्यांच्या पडद्यामागच्या आयुष्याची चौकशी करणाऱ्या समीक्षेची ती टर होती. नाइट्स यांचं म्हणणं असं की आपल्यापुढे फक्त शब्द आहेत, त्यांच्या मागे दडलेली बाई नाही. मला हे अर्ध पटतं. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला समोर बाई दिसते, तिची भीती वाटते, कीव येते. हा अनुभव खोटा म्हणून उडवून देता येत नाही.

मग मार्ग काय? तिची नेणीव नाटकाच्या आतच शोधायची. झोपेत ती जे बडबडते त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आपण आधीच्या अंकांत ऐकलेल्या किंवा पाहिलेल्या कशाला तरी जोडलेलं आहे. तिने जे दाबून टाकलं ते आपल्या डोळ्यांदेखत घडून गेलंय. त्यामुळे बालपण कल्पावं लागत नाही, पानं मागे उलटली की पुरे. रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरला त्याच्या आठवणींवर विसंबावं लागतं. इथे भूतकाळाचा लेखी पुरावा आपल्या हातात आहे, आणि तो जिथे संपतो तिथे आपणही थांबायचं.

प्रत्यक्ष कसं करायचं? एक उतारा घेऊन दाखवाल का?

झोपेत चालण्याचाच प्रवेश घेऊ. पहिलं काम म्हणजे ती काय करते ते साध्या क्रियापदांत लिहून काढणं. अपराधगंड, भ्रम, पश्चात्ताप हे शब्द अजून वापरायचे नाहीत. दासीने आधी सांगितलेलंही यात धरायचं. राजा मोहिमेवर गेल्यापासून राणी झोपेतच उठते, अंगावर कपडा घेते, कपाट उघडते, कागद काढते, घडी घालते, त्यावर लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि परत जाऊन पडते. मग आपल्यासमोर ती हातात दिवा घेऊन येते. दिवा सतत जवळ हवा असा तिचाच हुकूम आहे. ती हात चोळते, वास घेते, घड्याळाचे ठोके मोजते, नवऱ्याला झापते, दारावर कुणीतरी ठोठावतंय म्हणून घाईघाईने निघून जाते.

मग यातली प्रत्येक गोष्ट आधी कुठे आली होती ते शोधायचं. दिवा पाहा. पहिल्या अंकात हीच बाई म्हणाली होती, दाट रात्रे ये, माझ्या सुरीला तिने केलेली जखम दिसू नये. आता तिला अंधार चालत नाही. दारावरची ठोठावणी खुनाच्या रात्रीची आहे. ‘हात धू, रात्रीचा अंगरखा घाल’ हेही त्याच रात्रीचं. ‘तुझ्या त्या दचकण्याने सगळा घोटाळा होईल’ हे मेजवानीच्या प्रवेशाशी जोडलेलं, जिथे आपणच मारवलेल्या बँको या सरदाराचं भूत पाहून मॅकबेथ सगळ्यांसमोर दचकला होता. शेवटाजवळचं एक वाक्य तर उलटून आलंय. तिसऱ्या अंकात नवऱ्याला समजावताना ती म्हणाली होती, झालं ते झालं. आता म्हणते, झालं ते न झालं करता येत नाही.

एवढं जमवल्यावर पहिली संकल्पना आत आणा, संघनन. फ्रॉइडच्या मते स्वप्नात अनेक प्रसंग एकमेकांत दाबले जाऊन एकच चित्र बनतं. राणीच्या बडबडीत तीन खून आहेत. आधी म्हातारा डंकन, मग फाइफच्या सरदाराची बायको म्हणजे मॅकडफची पत्नी, मग बँको. घडण्याचा क्रम वेगळा होता, बँको दुसरा आणि मॅकडफची बायको तिसरी. तिच्या तोंडी तो मोडलाय आणि तिन्हींचं रक्त एकाच जोडी हातांवर आलंय.

या तिघांपैकी तिचा हात फक्त पहिल्या खुनात आहे. बँकोला मारायचा बेत मॅकबेथने तिला सांगितलाच नाही. लाडाने म्हणाला, तू निष्पाप राहा, काम झालं की वाहवा कर. मॅकडफच्या घरावर मारेकरी पाठवले तेही त्याने एकट्याने ठरवून, आणि ती बातमी राणीपर्यंत कशी पोचली हे नाटक दाखवत नाही. चौथ्या अंकात ती रंगमंचावर येतच नाही. तरीही मॅकडफच्या बायकोबद्दलचं ‘आता कुठे आहे ती?’ राणीच्या तोंडात आहे. ज्या खुनांपासून नवऱ्याने तिला दूर ठेवलं तेही तिच्याच हातांवर येऊन बसलेत. फ्रॉइडची देवघेव इथे ओळीओळीत दिसते. मॅकबेथ पाचव्या अंकात सांगतो की आपल्याला आता भीतीची चवही आठवत नाही. त्याच्याकडून निघून गेलेली चव तिच्याकडे साठत गेली आहे. याला विस्थापन, म्हणजे एका ठिकाणची भावना दुसरीकडे सरकणं, म्हणा हवं तर, फक्त ते एका मनाच्या आत न होता दोन पात्रांमध्ये झालंय एवढं स्पष्ट लिहा.

शेवटचं काम लोक टाळतात. आपल्या वाचनात न बसलेलं काय उरलं ते नोंदवायचं. माझ्या मते तो कागद उरतो. राणी नाटकात पहिल्यांदा येते तीच हातात नवऱ्याचं पत्र घेऊन, वाचत. शेवटी ती झोपेत काहीतरी लिहून मोहोरबंद करते. पत्राची ती जागा पहिल्या प्रवेशाशी जुळते हे खरं, पण कागदावर काय आहे ते कुणीच वाचत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. कबुलीजबाब? नवऱ्याला पत्र? इथे ‘असणार’ म्हणून वाक्य पुरं करायचा मोह होतो. करू नका. न वाचलेला कागद म्हणूनच त्याची नोंद ठेवा. निदानात ही नोंद कधीच येत नाही, कारण निदानाला कागदाची गरज नसते.

ती म्हणते ‘झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं’. मग पितृगंड लिहायचा का?

हे वाक्य अंक २, प्रवेश २ मधलं, डंकनबद्दलचं. तिच्या पूर्वायुष्याबद्दल नाटक जे थोडं बोलतं त्यात हे सगळ्यात बोलकं, म्हणून सगळे त्यावर तुटून पडतात. वडील कडक होते, वडिलांवर दबलेला राग होता, इथपासून ते भलतंसलतं बरंच काही मी वाचलंय. वडिलांबद्दल नाटकात दुसरी ओळ नाही.

वाक्य टाकून मात्र द्यायचं नाही. त्याचे धागे तिच्या माहेरापेक्षा नाटकातच कुठे जातात ते पाहा. डंकन राजा आहे, म्हातारा आहे, दोन मुलांचा बाप आहे. खुनानंतर मुलं पळतात आणि बापाला मारल्याचा आळ त्यांच्यावरच येतो. तिसऱ्या अंकात मॅकबेथ त्यांच्या पितृहत्येबद्दल निर्विकारपणे बोलतो. झोपेतल्या बडबडीतही राणी डंकनला राजा म्हणत नाही, म्हातारा म्हणते, आणि त्या म्हाताऱ्यात एवढं रक्त असेल असं कुणाला वाटलं असतं, असं विचारते. फ्रॉइडनेही डंकनच्या खुनाला जवळपास पितृहत्याच म्हटलंय. मग लिहायचं ते असं: या नाटकात राजाचा खून हा बापाचा खून म्हणून अनुभवला जातो आणि ती जाणीव सगळ्यात आधी, क्षणभर, सगळ्यात कठोर वाटणाऱ्या पात्राच्या तोंडून निसटते. तिचे वडील कसे होते यावर शब्दही न खर्चता हे लिहिता येतं.

आणि तिचं मूल? तिने दूध पाजलं होतं म्हणते, मग ते गेलं कुठे?

पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात ती म्हणते, मी दूध पाजलंय, पिणाऱ्या बाळाची माया काय असते मला ठाऊक आहे, तरी शब्द दिला असता तर त्याला खेचून डोकं आपटलं असतं. चौथ्या अंकात मॅकडफ म्हणतो, त्याला मुलं नाहीत. हे नक्की कुणाबद्दल यावरही वाद आहे. यातून मेलेलं बाळ, पहिला नवरा, बाळंतपणानंतरचं नैराश्य अशा कादंबऱ्या तयार होतात. बाळाचा पत्ता लागत नाही हे मान्य करा आणि दुधाचा माग काढा. नवऱ्याच्या स्वभावात माणुसकीचं दूध जास्त झालंय ही तिची तक्रार आहे. भुतांना ती सांगते, माझ्या दुधाच्या जागी पित्त भरा. चौथ्या अंकात डंकनचा मुलगा माल्कम स्वतःला क्रूर भासवताना म्हणतो, सलोख्याचं गोड दूध मी नरकात ओतून देईन. दूध नासवण्याची भाषा एकट्या बाईची राहत नाही, सत्तेच्या बोलण्यात सगळीकडे पसरते.

नाटकातच डॉक्टर आहे. मग आपण निदान का करायचं नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर शेक्सपिअरनेच देऊन ठेवलंय. डॉक्टर दोन रात्री जागलाय, त्याला काही दिसलं नाही. तिसऱ्या रात्री राणी येते. तो वही काढतो, म्हणतो तिचं बोलणं टिपून ठेवतो म्हणजे नीट लक्षात राहील. म्हणजे आपण करतो तेच. थोडं ऐकल्यावर मात्र म्हणतो, हा आजार माझ्या विद्येपलीकडचा आहे. हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज जास्त. शेवटी म्हणतो, मनात येतं पण बोलायची हिंमत नाही.

बोलायची हिंमत नाही, ती का? त्याला आजार समजला नाही असं नाही, गुन्हा समजलाय. दासी तर त्याच्याही पुढे आहे. राणी आधी काय बोलली ते ती डॉक्टरलाही सांगत नाही, कारण तिच्या बाजूने साक्षीदार नाही. या खोलीत लक्षण म्हणजे पुरावा आहे, आणि पुरावा ऐकणं जिवावरचं काम आहे. राणीची बडबड ‘आजार’ म्हणून नोंदवली की ही भीती नाहीशी होते आणि प्रवेशातला ताणच जातो.

पुढे अंक ५, प्रवेश ३ मध्ये मॅकबेथ डॉक्टरला विचारतो, दुखावलेल्या मनावर तुझ्याकडे औषध नाही का, आठवणीत रुतलेलं दुःख उपटता येत नाही का? डॉक्टर म्हणतो, तिथे रोग्यानेच स्वतःचा उपाय करायचा. यावर मॅकबेथ चिडून म्हणतो, मग औषधं कुत्र्यांना घाल, आणि लगेच त्याच दमात, माझ्या देशाचं मूत्र तपासून रोग सांगितलास आणि बरा केलास तर तुझी वाहवा करीन. बायकोचं दुखणं विचारता विचारता तो देशाच्या दुखण्यावर आला. चौथ्या अंकात इंग्लंडच्या दरबारातही एक डॉक्टर येऊन जातो. तिथला राजा नुसत्या स्पर्शाने रोगी बरे करतो असं तो सांगतो. एका राजाच्या हातांनी रोग जातो, दुसऱ्या राजघराण्यातले हात स्वच्छ होत नाहीत. राणीच्या हातांचं दुखणं या जोडीत वाचलं नाही तर ते एका बाईचं खासगी दुखणं होऊन बसतं आणि नाटकाचं निम्मं राजकारण कापलं जातं.

किती संज्ञा वापरायच्या?

पाच-सहा पानांच्या निबंधात दोन पुष्कळ झाल्या. वर संघनन आणि विस्थापन एवढ्यावर काम भागलं. इद, अहम्, पराहम् या फ्रॉइडने केलेल्या मनाच्या तीन भागांचा तक्ता काढून त्यात पात्रं बसवायची एक पद्धत गाइडांमध्ये रूढ आहे. तिने मार्क मिळतात, नाटक कळत नाही.

आपलं लिखाण निदानाकडे घसरलंय हे कसं ओळखायचं?

एक चाचणी मी सगळ्यांना करायला लावते. परिच्छेदातून लेडी मॅकबेथचं नाव काढा आणि दुसऱ्या कुठल्याही अपराधी बाईचं घाला. परिच्छेद तसाच चालला तर तो निदान आहे. वर लिहिलेला पाणी-महासागराचा मुद्दा दुसऱ्या कुणाला लावून बघा, लागत नाही.

दुसरी खूण क्रियापदांत दिसते. ‘लहानपणी झालं असावं’, ‘मनात दडलं असणार’ अशी रूपं वाढायला लागली की तुम्ही नाटकाबाहेर पडला आहात. अशा प्रत्येक वाक्यापुढे अंक-प्रवेशाचा आकडा लिहून बघा. जिथे लिहिता येत नाही ते वाक्य खोडा.

तिसरी जरा सूक्ष्म आहे. वाचन झाल्यावर नाटकाचा दुसरा एखादा भाग वेगळा दिसू लागला का? राणीचे हात वाचून झाल्यावर इंग्लंडच्या राजाचा कंटाळवाणा वाटणारा प्रसंग जिवंत होत असेल तर वाचन काम करतंय. वाचन राणीपासून सुरू होऊन राणीपाशीच संपत असेल तर तुम्ही केस पेपर भरलाय.

पात्राऐवजी लेखकाच्या मनाचं विश्लेषण केलं तर?

सांभाळून. १९०० साली स्वप्नांवरच्या ग्रंथात फ्रॉइडने ‘हॅम्लेट’चा संबंध शेक्सपिअरच्या वडिलांच्या मृत्यूशी जोडला. पुढे त्याचंच मत फिरलं, ही नाटकं स्ट्रॅटफर्डच्या त्या माणसाने लिहिलीच नाहीत असं त्याला वाटू लागलं आणि १९३० साली त्याच ग्रंथात त्याने तशी टीप घातली. लेखक बदलला म्हणजे वारलेले वडीलही बदलले. हॅम्लेटच्या ओळी होत्या तिथेच राहिल्या.

मराठी रूपांतरावर हेच करता येईल का?

येईल. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ हे ‘मॅकबेथ’चंच रूपांतर आहे, ते घ्या. मात्र इंग्रजी नाटकावरचं विश्लेषण तिथे जसंच्या तसं उचलून ठेवू नका. पाणी, दिवा, दूध, ठोठावणी, कागद यांतलं काय त्या संहितेत आहे, काय गळलंय, काय नवं आलंय हे आधी मराठी पानांवर तपासा आणि जे सापडेल त्यावरच बोला. एखादी गोष्ट गळली असेल तर राणीचं लक्षणही तिथे वेगळं वागेल, आणि तोच तुमच्या निबंधाचा विषय होऊ शकतो.

शेवटी ती आत्महत्या करते. निदान तेवढं तरी ठामपणे लिहू ना?

नाटकात तिचा मृत्यू दिसत नाही. अंक ५, प्रवेश ५ मध्ये आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो आणि मॅकबेथचा सेवक सेटन येऊन सांगतो, राणी गेली. कशाने, ते तो सांगत नाही आणि मॅकबेथ विचारतही नाही. डॉक्टरने आधी तिच्याजवळून इजा होईल असं सगळं काढून घ्या, लक्ष ठेवा असं बजावलं होतं, म्हणजे शंकेला जागा आहे. स्वतःच्या हाताने जीव घेतल्याची गोष्ट येते ती अगदी शेवटच्या भाषणात, माल्कमच्या तोंडून, तीही ‘असं म्हणतात’ या शब्दांत. माल्कम आता राजा होतोय, आणि त्याच वाक्यात त्याने तिला राक्षसिणीसारखी राणी म्हटलंय. तेव्हा लिहायचंच असेल तर ‘माल्कमच्या सांगण्यानुसार’ एवढं जोडून लिहा.